स्टेप-अप गृहकर्ज घ्यावं का? (सुरुवातीला कमी हप्ता, नंतर वाढत जाणारा)

अनघा_रावेत

नमस्कार मंडळी. फ्लॅट बघून झालाय, ताबा लगेच मिळणार आहे, किंमत ७० लाख. माझं वय २९, हातात येणारा पगार ८० हजार. नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप सुरू केलंय, त्यामुळे बँक सध्या त्याचं उत्पन्न धरत नाही.

साध्या हिशोबाने बँक मला ४६ लाख देते. २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता ३९,९२०. आम्हाला ५५ हवेत. तर तिथल्या बाईंनी दुसरी योजना पुढे केली: तेच ५५ लाख, तोच साडेआठ टक्के दर, तीच २० वर्षं. पण पहिली तीन वर्षं हप्ता ३९,०००, पुढची तीन वर्षं ४५,०००, आणि सातव्या वर्षापासून शेवटपर्यंत ५३,५५६. म्हणाल्या, "तुमचा पगार वाढणारच आहे ना मॅडम."

ऐकायला बरोबर वाटतं. दर तोच, मुदत तीच, आज खिशातून जवळपास तेवढेच पैसे जाणार आणि ९ लाख जास्त मिळणार. मग यात गोम कुठे आहे? कुणी असं कर्ज घेतलंय का?

मिहीर_ठाणे

डोळे झाकून घ्या. महागाईचा विचार करा, सात वर्षांनंतरचे ५३ हजार म्हणजे आजचे ३५-४० हजारच. शिवाय सुरुवातीला हप्त्यात सगळं व्याजच असतं, म्हणजे करसवलतही जास्त मिळते. आणि हप्त्यात वाचलेले पैसे एसआयपीत टाका. साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर बारा टक्के कमवायचे, सोपं गणित आहे.

लवंगी_मिरची

मिहीरराव, बारा टक्के देणाऱ्या फंडाचं नाव द्या, मीही माझं घर गहाण टाकून येते.

निफाडकर

आमच्याकडे तर हप्ता नावाची भानगडच नसते. सोसायटीचं पीककर्ज घ्यायचं, मार्चअखेर एकरकमी भरायचं. तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं की व्याज शून्य, केंद्राची सवलत आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख योजना. द्राक्षबागेला दरमहा हप्ता लावला तर भरणार कुठून? पैसा येतो तो एकदाच. ताई, तुम्हीही एकरकमीचंच विचारा की.

लवंगी_मिरची

भाऊ, तिच्या रावेतच्या फ्लॅटला द्राक्षं लागत नाहीत हो :)

हिशेबनीस

अनघाताई, तुमच्या आकड्यांची बेरीज करून पाहिली. ती आधी देतो, मत नंतर.

५५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ३८,९५८ रुपये. तुमचा पहिला हप्ता ३९,०००. म्हणजे पहिल्या महिन्यात मुद्दलात जमा होतात ४२ रुपये. तीन वर्षांत तुम्ही १४ लाख ४ हजार भराल आणि कर्ज उरेल ५४ लाख ९८ हजार. कागदावर 'स्टेप-अप' लिहिलंय, पण तुमची पहिली तीन वर्षं ही निव्वळ व्याजाचीच आहेत. हेच ५५ लाख सरळ हप्त्याने घेतले असते तर ४७,७३० रुपये हप्ता बसला असता आणि तीन वर्षांनी ५१ लाख ४२ हजार उरले असते.

वीस वर्षांचं एकूण व्याज: सरळ हप्त्यात ५९ लाख ५५ हजार, या योजनेत ६५ लाख २१ हजार. फरक ५ लाख ६६ हजारांचा. हा कुठल्याही फीच्या रकान्यात दिसणार नाही. दर तोच आहे हे बाईंचं म्हणणं खरंच आहे, पण मुद्दल जास्त काळ तुमच्या अंगावर राहतं, म्हणून त्याच दराने जास्त व्याज द्यावं लागतं.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत बँकेला 'केएफएस' नावाचं पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. बरेच जण दोन योजनांचा तेवढा एक आकडा ताडून पाहतात. इथे तो उपयोगाचा नाही. प्रोसेसिंग फी सारखी असेल तर तो दर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच येईल. त्या पत्रकाला परतफेडीचा तक्ता जोडलेला असतो. त्यातला ३६व्या महिन्याचा 'शिल्लक मुद्दल' हा आकडा बघा.

अनघा_रावेत

४२ रुपये?? मला वाटलं होतं निदान दोन-तीन हजार तरी जात असतील. तक्ता दिलाच नाहीये त्यांनी, फक्त तीन आकडे लिहिलेली चिठ्ठी दिली.

मिहीर_ठाणे

काका, ५.६६ लाख हे वीस वर्षांत पसरलेले आहेत. आजच्या किमतीत मोजा. आणि एसआयपीचं काय? ४७,७३० आणि ३९,००० मधला फरक ८,७३० रुपये, तीन वर्षं गुंतवले तर?

हिशेबनीस

मिहीर, पैशाची किंमत काळानुसार बदलते हा तुझा मुद्दा मान्य. पण तो ८,७३० चा फरक अनघाताईंच्या हातात आहेच कुठे? ज्याला ४७,७३० परवडतात आणि तो ३९,००० भरतो, तो फरक गुंतवेल. ताईंची ऐपतच ४० हजारांची आहे, म्हणून तर ही योजना पुढे आली. वाचलेले पैसे त्यांनी आधीच ९ लाखांच्या रूपाने घरात घातलेत. तेच पुन्हा एसआयपीत कसे जातील?

कराचंही तसंच. स्वतः राहायच्या घरावर व्याजाची वजावट जुन्या कररचनेत वर्षाला दोन लाखांपर्यंतच. त्यांचं व्याज पहिल्या वर्षी दोन्ही प्रकारांत साडेचार लाखांच्या वर आहे, त्यामुळे जास्त व्याज भरून जास्त सवलत मिळत नाही. उलट मुद्दलाची जी वजावट मिळाली असती ती पहिली तीन वर्षं जवळजवळ शून्य. आणि नव्या कररचनेत असतील तर राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही.

मिहीर_ठाणे

कराचं ठीक आहे. पण घराच्या किमतीही वाढतात. तीन वर्षं थांबून ४६ लाखांत बसेल असं घर शोधायचं म्हटलं तर तोवर तेच घर ८०-८५ लाखांचं झालेलं असेल. हा खर्च तुमच्या तक्त्यात नाही काका.

वाघोलीकर

किमती वाढतील या आशेवरच आम्ही पण बुक केला होता. माझा किस्सा जरा वेगळा आहे पण सांगतो, कारण 'फक्त व्याज भरा' हे आमच्याकडेही असंच गोड लागलं होतं.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट. बँक बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि ताबा मिळेपर्यंत आपण सोडलेल्या रकमेवर फक्त व्याज भरायचं, ज्याला प्री-ईएमआय म्हणतात. मूळ हप्ता ताब्यानंतर सुरू. बिल्डर म्हणाला दीड वर्षात ताबा. ४० लाख सुटले तेव्हा व्याज महिन्याला २८ हजारांच्या वर गेलं आणि बांधकाम थांबलं. तिथून तीन वर्षं ते व्याज आणि वर राहत्या घराचं भाडं असं दोन्ही भरत बसलो. दहा लाखांवर पैसे गेले आणि खात्यावर ४० लाख जसेच्या तसे. वीस वर्षांचं घड्याळ सुरू झालं ते त्यानंतर. म्हणजे माझं कर्ज प्रत्यक्षात तेवीस-चोवीस वर्षांचं झालं.

वाईट वाटतं ते याचं की पहिल्या दिवसापासून पूर्ण हप्ता सुरू करायचा पर्याय अर्जातच होता. एक खूण करायची होती. एजंटने 'आत्ता कशाला ओझं' म्हणून प्री-ईएमआयवर केली, आणि माझी सही त्याखाली. आमचं महारेराकडे उशिराच्या व्याजाचं प्रकरण चालू आहे. आदेश झाला तरी वसुली हा वेगळा विषय.

सरोजमावशी

तुमचे लाखांचे आकडे वाचून छाती दडपते बाई. माझी गोष्ट छोटी आहे. भाच्याने माझ्या पाटल्या आणि त्याच्या बायकोचा हार ठेवून एका खासगी फायनान्सवाल्याकडून दोन लाख घेतले. वर्षभर काही भरायचं नाही, शेवटी एकदम मुद्दल आणि व्याज. दुकानाबाहेर फलक होता, महिना ९९ पैसे शेकडा. आम्ही धरून चाललो वर्षाला २४ हजार होतील. सोडवायला गेलो तर व्याजच ४२ हजार सांगितलं, वर नोटिशीचे पैसे. म्हणे ९९ पैसे हा दर दरमहा व्याज भरणाऱ्यांना. जितके महिने भरलं नाही तितका दर वरच्या पायरीवर चढत गेला. पावतीच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजीत होतं सगळं.

लवंगी_मिरची

म्हणजे तोही स्टेप-अपच! फक्त पायऱ्या सावकाराच्या.

हिशेबनीस

मावशी, सोनं सुटलं ना? ते महत्त्वाचं.

एकरकमी फेडीच्या सोनेतारणात पहिला प्रश्न हाच विचारायचा: वर्षभर एक पैसाही भरला नाही तर शेवटच्या दिवशी माझ्याकडून किती रुपये घेणार? टक्के नकोत, रुपये लिहून द्या. दुसरं म्हणजे नव्या नियमांत, जे १ एप्रिल २०२६ पासून सगळ्यांना लागू आहेत, घरखर्चासाठीचं असं कर्ज बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचं देता येत नाही. आणि सोन्याच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं हे मोजताना वर्षअखेरचं व्याजही त्यात धरायचं असतं. चार लाखांच्या सोन्यावर ८० टक्के म्हणजे ३ लाख २० हजार मिळतील असं लोक समजतात. १२ टक्के व्याज असेल तर एकरकमीत हातात साधारण २ लाख ८५ हजारच पडतील. दरमहा व्याज किंवा हप्ता भरणार असाल तर जास्त मिळू शकतात. भाच्याला पुढच्या वेळी दरमहा व्याज भरायला सांगा. दोन लाखांवर दोन हजारांच्या आत येतं.

निफाडकर भाऊंचं उदाहरण लोकांना गंमत वाटली, पण एकरकमी फेड कुणासाठी असते ते त्यांनीच बरोबर सांगितलं. ज्याचा पैसा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कारणाने येणार आहे त्याच्यासाठी.

निफाडकर

काका, पैसा येणार ते ठीक, पण वेळेवर आला तर ना. अवकाळी झाला की मार्चअखेर हात रिकामे. मग सुरू होतं नवं-जुनं. कुणाकडून तरी आठवड्यासाठी शेकडा तीन-चार रुपयांनी पैसे उचलायचे, सोसायटीत भरून खातं निल करायचं, नवीन कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे फेडायचे. कागदावर शेतकरी वेळेत भरणारा, व्याज शून्य. खरं व्याज त्या एका आठवड्यात जातं. तीन लाखांवर चार रुपये शेकडा म्हणजे १२ हजार. नवीन कर्ज मंजूर व्हायला महिना लागला तर तो महिन्याचे अजून मागतो. गेल्या साली आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी असंच केलं. शून्य टक्के म्हणतात ते हे.

सरोजमावशी

निफाडकर, आमच्या माहेरी पण हेच चालायचं. त्या आठवड्याच्या सावकाराला 'पूल' म्हणायचे.

बंड्या_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत २००५-०६ च्या सुमाराला हेच मोठ्या प्रमाणात झालं. पहिली पाच वर्षं फक्त व्याज, किंवा त्याहूनही कमी भरा आणि उरलेलं व्याज कर्जात मिळवा. प्रत्येकाचा बेत एकच होता, की पाच वर्षांनी हप्ता वाढेल तेव्हा दुसऱ्या बँकेतून नवीन कर्ज काढू. पण तोवर घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, त्यामुळे नवीन कर्ज कुणी देईना. हप्ता मात्र तारखेला वाढलाच. आमच्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी घराच्या चाव्या बँकेला दिल्या. २०१४ पासून जो नियम आहे त्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गृहकर्जाच्या वर्गात फक्त-व्याजवालं कर्ज बसतच नाही. मिहीर, तू जे किमती वाढण्याचं म्हणतोस ते तेव्हा सगळेच म्हणत होते.

मिहीर_ठाणे

अमेरिका वेगळी. तिथे लोकांना पगार न बघता कर्ज दिलं. इथे बँक अनघाताईंचा पगार बघूनच देतेय.

बंड्या_न्यूजर्सी

आजचा नाही, सात वर्षांनंतरचा पगार बघून देतेय. धाग्यात वरच लिहिलंय.

अनघा_रावेत

तेच विचारायचं होतं. माझा पगार वर्षाला ५ टक्के वाढला असं धरलं तर ५३,५५६ झेपेल ना? मिहीर म्हणतात तसं.

हिशेबनीस

झेपेल, पण कसं ते बघा. ८० हजार दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तर सातव्या वर्षी १ लाख ७ हजार होतात. ५३,५५६ म्हणजे त्याचा निम्मा. आज ३९ हजार म्हणजेही जवळपास निम्माच. साध्या कर्जात पहिली तीन-चार वर्षं ओढाताण होते आणि मग हप्ता तोच राहून पगार वाढतो. तुमचा ४६ लाखांचा ३९,९२० चा हप्ता सातव्या वर्षी पगाराच्या ३७ टक्क्यांवर येईल. सगळ्या पगारदारांचं घर असंच सावरतं. मुलाची शाळा, आईवडिलांचं आजारपण हे खर्च त्याच सुमाराला सुरू होतात. स्टेप-अपमध्ये तुम्ही ती पुढची सवड आजच ९ लाखांना विकताय. एखाद वर्ष पगारवाढ झाली नाही किंवा नोकरी बदलताना चार महिने गेले, तरी पायरी तारखेला चढणारच.

पण मला खरी काळजी वाटते ती व्याजदराची. तुमचं कर्ज फ्लोटिंग, रेपो दराला जोडलेलं असणार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. तेव्हा साध्या हप्त्यावाल्यांचं काय झालं? बहुतेकांचा हप्ता तोच राहिला, मुदत लांबली. त्यांना ते जमलं कारण त्यांच्या हप्त्यात थोडंफार मुद्दल होतं, त्यातून वाढीव व्याज वळतं करता आलं. तुमच्या हप्त्यात ४२ रुपये आहेत. दर नुसता पाव टक्का वाढला, म्हणजे पावणेनऊ झाला, तरी महिन्याचं व्याज ४०,१०४ होतं. ३९ हजारांत व्याजही भागत नाही. उरलेलं व्याज मुद्दलात चढवून मुदत लांबवायला रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने मनाई आहे, म्हणून बँक हप्ताच वाढवणार. म्हणजे 'तीन वर्षं ३९ हजार' हा शब्द दर खाली राहिला किंवा स्थिर राहिला तरच खरा.

बँकेत हे विचारा: पहिल्या टप्प्यात दर वाढला तर माझा हप्ता किती होईल, आणि हे मंजुरीपत्रात कुठल्या कलमात लिहिलंय?

लवंगी_मिरची

काका तुम्ही बँकेत असताना लोकांना हे सांगत होता का? ;)

हिशेबनीस

विचारलं तर सांगत होतो. फारसं कुणी विचारत नसे.

आणि ही योजना सगळ्यांसाठी वाईट असंही नाही. आम्ही ती निवासी डॉक्टरांना दिली, विद्यावेतनावर असताना. एमडी पूर्ण झालं की उत्पन्न पगारवाढीच्या टक्क्यांनी नाही, तर एका उडीत दुप्पट-तिप्पट होतं. तिथे पहिली पायरी आणि आयुष्यातली पायरी एकाच वेळी येते. खासगी नोकरीतली पगारवाढ मात्र कंपनीच्या मर्जीवर.

शरयू_सीए

आत्ताच धागा वाचला. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

एक, कर्जासोबत विमा घ्यायला लावतील आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवतील. त्यातले बरेच विमे घटत्या रकमेचे असतात. विम्याची रक्कम साध्या हप्त्याच्या तक्त्याप्रमाणे दरवर्षी खाली येते. तुमचं कर्ज मात्र तीन वर्षं जागचं हलत नाही. काही बरं-वाईट झालं तर मधल्या काही लाखांचा खड्डा घरच्यांनी भरायचा. घ्यायचाच असेल तर स्थिर रकमेचा साधा टर्म विमा बाहेरून घ्या. बँकेचाच घ्यायची सक्ती त्यांना करता येत नाही.

दुसरं चांगलं आहे. फ्लॅट फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० लाखांवर ७० हजार. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून घातलंत तर ती जाते.

लवंगी_मिरची

आता या धाग्यावरून अनघाच्या घरात भांडण लागणार.

अनघा_रावेत

लागलंच आहे. :D पण सवलतीचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद शरयू.

काल बँकेत जाऊन आले. तक्ता मागितला तर आधी "सिस्टीममधून मंजुरीनंतरच निघतो" म्हणाल्या. मी केएफएसचं नाव काढल्यावर संध्याकाळी मेलवर आला. ३६व्या महिन्याची शिल्लक ५४,९८,२९८. काकांचा आकडा तंतोतंत. आणि दर वाढला तर हप्ता लगेच वाढेल असं मंजुरीपत्राच्या नमुन्यात आहे, पण "बँकेच्या धोरणानुसार" एवढंच, किती ते नाही.

आता मूळ प्रश्नावर परत. ९ लाख तर हवेतच. ४६ मध्ये बसवायचं तर हा फ्लॅट सोडावा लागेल. काही मधला मार्ग आहे का?

हिशेबनीस

आहे, आणि तो बँक स्वतःहून सांगत नाही. तुमचं वय २९, म्हणजे ३० वर्षांची मुदत मिळू शकते. ५५ लाखांचा ३० वर्षांचा सरळ हप्ता ४२,२९०. स्टेप-अपच्या पहिल्या हप्त्यापेक्षा ३,२९० जास्त. पण तो चढत नाही.

आता पायऱ्या तुम्ही स्वतः चढा. चौथ्या वर्षापासून ४५ हजार आणि सातव्यापासून ५३,५५६ भरा, म्हणजे बँकेने सांगितले तेच आकडे, फक्त आपल्या मर्जीने. दर तोच राहिला तर कर्ज १९ वर्षं २ महिन्यांत संपतं आणि एकूण ४ लाख ३० हजार कमी भरावे लागतात. एवढा फरक पडतो कारण पहिल्या तीन वर्षांत थोडं का होईना मुद्दल जातं. आणि ज्या वर्षी पगारवाढ झाली नाही त्या वर्षी ४२,२९० वर थांबा, कुणी नोटीस पाठवणार नाही. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला जास्तीच्या भरण्यावर दंड लागत नाही.

दोन अडचणी. पगाराच्या निम्मा म्हणजे ४० हजार हप्ता धरला तर ३० वर्षांवर तुम्हाला ५२ लाखच मिळतील, ५५ नाही. तीन लाख दुसरीकडून उभे करावे लागतील. आणि जास्तीचा भरणा केला की त्याने मुदत कमी करायची की पुढचा हप्ता, हे दर वेळी लेखी सांगायचं. नाही सांगितलं तर प्रत्येक बँक आपापल्या सोयीने करते.

मिहीर_ठाणे

आणि लोक ३० वर्षांचं घेऊन पुढे एक पैसाही जास्त भरत नाहीत, मग व्याज जातं ९७ लाखांवर. स्टेप-अपमध्ये निदान सक्ती आहे. माणसाचा स्वभाव पण धरा की हिशोबात.

हिशेबनीस

याला माझ्याकडे उत्तर नाही. आकडा बरोबर आहे आणि असे लोक मी शेकड्यांनी पाहिलेत.

वाघोलीकर

पगार खात्यावरून दर एप्रिलला वाढणारी स्थायी सूचना लावून टाका. मी आता तसंच केलंय.

अनघा_रावेत

३० वर्षांचं विचारलं. ५१ पर्यंत तयार आहेत. उरलेल्या चारसाठी सासूबाई त्यांची मुदतठेव मोडू म्हणताहेत, आम्ही नको म्हणतोय. फ्लॅटवाल्याशी किंमतीचं बोलणं अजून व्हायचंय. शनिवारी भेटतोय, मग कळवते.

निफाडकर

ताई, शनिवारी जाताना पेटीभर द्राक्षं घेऊन जा. भाव उतरतो.

केळकर_डोंबिवली

उशिरा आलो. उलट प्रश्न आहे. मी ५६, मुलगा २६, दोघं मिळून कर्ज घेतोय. चार वर्षांनी मी निवृत्त होणार. आधी जास्त हप्ता आणि नंतर कमी असं मिळतं का?

हिशेबनीस

मिळतं केळकर साहेब, काही बँका देतात. पण नवा धागा काढा, इथे आता द्राक्षं आलीत.